तक्त्यात नसलेला 'ए'

परवान्याच्या कचेरीच्या फाटकावर एक पाटी होती, 'दलालांपासून सावध राहा'. ती रंगवून आणायचं काम कचेरीनं मलाच सांगितलं होतं. मी ती चांगल्या पेंटरकडून करून घेतली, अक्षर ठळक ठेवायला सांगितलं आणि फाटकावर लावूनही दिली. मग तिच्याच सावलीत माझं टेबल मांडून बसलो. सत्तावीस वर्षं बसलो.

दलाल म्हणजे काय, हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. शिकाऊ परवाना, पक्का परवाना, नूतनीकरण, पत्त्यातला बदल, यांतलं काहीही असो, माणूस आधी खिडकीवर जायचा, खिडकी त्याला माझ्याकडं पाठवायची आणि मी त्याला परत खिडकीवर न्यायचो. माणूस दमला की काम होतं, एवढंच या धंद्याचं शास्त्र. पण माझी एक वेगळी ख्याती होती, आणि मी लिहायला बसलोय ते त्या ख्यातीपायी.

मला परदेशी परवाने ओळखता यायचे.

त्याचं मूळ माझ्या वडिलांत आहे. ते निजामाच्या अमलात महसुलात कारकून होते, लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कागद मराठीत आले आणि चाळिशीतल्या माणसाला पोरांसारखी बाराखडी गिरवावी लागली. घरात जुने कागद होते, त्यांवरून त्यांनी मला उर्दू अक्षरओळख दिली. पुढं ती अशी कामाला आली की आखातातून परतलेले ड्रायव्हर, मिस्त्री, वेल्डर तिकडचे परवाने घेऊन यायचे आणि खिडकीतल्या बाबूला त्यातलं ओ का ठो कळत नसायचं. मी अक्षरं लावून सांगायचो, हा सौदीचा, हा कुवेतचा, हा दुबईचा. खरं म्हणजे त्यांतल्या बहुतेक कार्डांवर देशाचं नाव इंग्रजीतही छापलेलं असायचं. पण मी आधी उजवीकडून डावीकडं बोट फिरवायचो, मग सांगायचो. लोक गप्प बसून बघायचे.

मग वाळूज आणि चितेगावच्या कारखान्यांत युरोपचे इंजिनिअर यायला लागले आणि त्यांचे गुलाबी परवाने माझ्या टेबलावर आले. तिकडच्या बऱ्याच देशांचं कार्ड एकाच साच्यातलं. रंग गुलाबी, फोटो डाव्या हाताला, फोटोपाशी वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन, चौकोनात ताऱ्यांचं कडं आणि कड्याच्या मधोमध एकदोन अक्षरं. माहितीला शब्द नाहीत, नुसते आकडे. एक म्हणजे आडनाव, दोन म्हणजे नाव, तीनला जन्म, चारला तारखा आणि देणारी कचेरी, पाचला परवान्याचा नंबर, नऊला वाहनांचे वर्ग. भाषा बदलली तरी आकडे बदलत नाहीत. हे मला फार आवडलं. आपल्याकडं तर दोन खिडक्यांवर एका फॉर्मचे दोन अर्थ.

मी प्रत्येक परवान्याची झेरॉक्स ठेवायला लागलो आणि वर्षभरात एक तक्ता तयार केला. एका बाजूला कार्डावरचा मोठा मथळा, दुसऱ्या बाजूला देश. 'रायबेवाइस' लिहिलं असेल तर हॉलंड. 'पातेंते' असेल तर इटली. 'पेर्मी' असेल तर फ्रान्स. 'फ्यूररशाइन' असेल तर जर्मनी. तिसरा रकाना कोपऱ्यातल्या अक्षरांचा. तक्ता लॅमिनेट करून टेबलाच्या मागं टांगला. बाबूनं त्याची एक प्रत आत नेली, शेजारच्या टेबलांनी झेरॉक्सा काढल्या. 'परदेशी असंल तर काकाकडं जा,' असं खिडकीतूनच सांगायला लागले. माझी मान तेव्हापासून थोडी ताठ झाली, ती पुढं मणक्याच्या डॉक्टरनं सैल केली.

आता तक्त्यातली गोम सांगतो. कोपऱ्यातली अक्षरं देशाची असतात, हे मला माहीत नव्हतं. मी आपल्या परवान्यावरून अंदाज बांधला होता. आपल्या कार्डावर एमएच म्हणजे महाराष्ट्र, त्यापुढं वीस म्हणजे आपला जिल्हा. देश मोठा, अक्षरं राज्याची. दुबईचंही तसंच, देशाचं नाव वेगळं आणि दुबई हे आतलं. मग युरोपचं वेगळं कशाला असेल? जर्मन परवान्यावर 'डी' होतं. जर्मनीचं पहिलं अक्षर तर जी. त्यावरून 'डी' हा एखादा प्रांत असणार, आपल्या दिल्लीसारखा, असं मी ठरवलं. ते लोक स्वतःच्या देशाला आपल्यासारखं जर्मनी म्हणत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इटलीला आय, फ्रान्सला एफ, ही अक्षरं बरोबर जुळत होती, त्याला मी योगायोग म्हणालो. माझ्या मताला जे जुळत होतं तो पुरावा आणि जे जुळत नव्हतं तो योगायोग, अशा थाटात मी तीनचार वर्षं काढली. कुणाचं अडलं नाही, कारण मथळ्यावरून देश बरोबर निघत होता. कुणीतरी येईपर्यंत.

ती आली तेव्हा शहराचं नाव अजून जुनंच होतं. पाचोडची मुलगी, नर्स, पस्तिशीच्या अलीकडची. सात वर्षं परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मलमपट्टी, इंजेक्शनं करायची. स्वतः गाडी चालवत एका घरून दुसऱ्या घरी. वडलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून परतली होती. इथल्या एका दवाखान्यानं तशाच कामाला माणूस हवा म्हणून तिला घ्यायचं ठरवलं होतं. बजाजनगर, चितेगाव, पार पाचोडपर्यंत घरोघरच्या रुग्णांकडं जायचं. गाडी दवाखान्याची, पण चालवणारी नर्सच हवी, आणि परवाना भारतीय हवा. महिनाअखेरपर्यंत परवाना दाखवला तर नोकरी, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला. हे तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

कायदा तिच्या बाजूनं होता. परदेशातल्या योग्य कचेरीनं दिलेला चालू परवाना असेल तर इथं परीक्षा द्यावी लागत नाही. फक्त तो खरा आहे, हे कळायला हवं. त्यासाठी आमच्याकडं रीत अशी होती की कार्डाचं भाषांतर जोडायचं आणि त्या देशाच्या वकिलातीचं पत्र आणायचं. पत्र आलं की काम चार दिवसांचं.

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. गुलाबी. 'फ्यूररशाइन'. मी तक्त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जर्मनी," मी म्हणालो.

"नाय काका, ऑस्ट्रिया."

"व्हय, पण देश जर्मनी."

"ऑस्ट्रिया हाच देश हाय काका. सात वर्षं राहिलेय मी तिथं."

टेबलाभोवती दहाबारा माणसं होती. पाचोडचेच दोघं ट्रॅक्टरच्या कामासाठी आलेले. मी चष्मा नीट केला. "पोरी, भाषा कोणती आहे ही?"

"जर्मन."

"मग?"

"मग काय? इथं तुम्ही उर्दू वाचताय, म्हणून हे पाकिस्तान झालं का?"

लोक हसले. मला तिथंच थांबता आलं असतं. पण इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर मला कुणी हसलं नव्हतं, आणि हसवणारी एक बाई होती, जी बर्फात गाडी चालवल्याचं सांगत होती आणि मला सायकलच्या पलीकडं काही चालवता येत नव्हतं. मी जर्मन परवान्याची झेरॉक्स काढून तिच्या कार्डाशेजारी ठेवली. दोन्हीवर मोठा शब्द तोच. त्याच्याबरोबर दोन्हीवर 'रेपुब्लिक'. फरक फक्त शेवटच्या शब्दात, आणि कोपऱ्यात 'डी'ऐवजी 'ए'.

"हे बघ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे राज्याचं नाव. हा राज्याचा कोड. आपलं एमएच असतं तसं. तू ज्या राज्यात होतीस त्याचं नाव ऑस्ट्रिया. तुला तिथल्यांनी देश म्हणून सांगितलं असंल. आपल्याकडं नाही का लोक म्हणत, आमचा मुलूख, आमचा देश!"

"काका," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला भूगोल शिकवा, मी तुम्हाला इंजेक्शन देते. दोघांचंही तेवढंच भलं व्हईल."

शेजारच्या टेबलावर माझा जुना सोबती बसायचा, टंकलेखक. वयानं मोठा, शहागंजकडचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं सगळं त्याच्या मशीनवर. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "भाई, लडकी सच बोल रई. ऑस्ट्रिया अलग मुल्क है. मेरे भांजे के पास नकाशा है, दिखाऊं?"

"चाचा, तुम टाइप करो," मी म्हणालो.

आणि त्यानं टाइप केलं. मुंबईतल्या जर्मन वकिलातीला पत्र, सोबत कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, खाली तिची सही. ती सही करायला तयार नव्हती. म्हणाली, दिल्लीला ऑस्ट्रियाची वकिलात आहे, तिकडं पाठवू. मी म्हणालो, पाठव की, पण खिडकी माझ्या तक्त्यावर चालते, उद्या बाबू विचारंल हे कुठलं पत्र. ती बाबूकडं गेली. बाबूनं आतल्या भिंतीवरचा तक्ता बघून तिला परत माझ्याकडं पाठवलं. सगळं शास्त्राप्रमाणं झालं. तिनं सही केली, पण जाताना एक प्रत स्वतःच्या पैशानं दिल्लीलाही टाकली.

जर्मन लोक वेळेचे पक्के. दहाव्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी. सदर परवाना जर्मनीतल्या कोणत्याही कचेरीनं दिलेला नाही. तिसरी ओळही होती, ती तेव्हा कुणी वाचली नाही. कोडवरून हा परवाना ऑस्ट्रियाचा दिसतो, त्यांच्या वकिलातीशी संपर्क साधावा.

कुणी वाचली नाही, असं मी वर लिहिलं. खोडतो. मी वाचली. पाकीट माझ्याच पत्त्यावर आलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि दुपारी चाचाच्या भाच्याकडं जाऊन नकाशा बघितला. ऑस्ट्रिया होता. चांगला ऐसपैस देश होता, जर्मनीला खालून खेटून. मी त्यावर बोट ठेवलं, उगाच, खरा आहे का बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी पत्र तिच्या हातात न देता थेट बाबूकडं नेलं. बाबूनं दोन ओळी वाचल्या. त्याला तेवढ्या पुरल्या.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ऑस्ट्रिया. काका म्हणतात जर्मनी. जर्मनी म्हणते, आमचा नाही. आता या तिघांत खोटं कोण बोलतंय?"

"काका," ती म्हणाली.

बाबूला हसू आलं. तो माझ्याकडं वळला. "बोला काका. ऑस्ट्रियाचा कोड असतो का ए?"

खिडकीच्या आत चार टेबलं, बाहेर रांग. रांगेत पाचोडचे ते दोघं पुन्हा. चाचा दारात उभा. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. 'हो, माझं चुकलं.' तीन शब्द. महिना संपायला अठरा दिवस होते, दिल्लीचं पत्र तेवढ्यात आलं असतं तर काम झालं असतं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं आणि म्हणालो,

"तक्त्यात ए नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तक्त्यात 'ए' नव्हताच. मीच लिहिला नव्हता.

बाबूनं अर्जावर लाल शाईनं 'परवाना बोगस' असं लिहिलं आणि शिक्का मारला. तिनं कार्ड उचललं, पुसलं, पर्समध्ये ठेवलं. ती बाहेर पडत असताना पाचोडच्या दोघांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, "बघ, म्हणलो नव्हतो का? बाईमाणूस अन् बर्फात गाडी!" दुसरा म्हणाला, "लई शिकली म्हणत्यात." ते दोघं त्याच संध्याकाळी गावी गेले. बातमीला एसटीचं तिकीट लागत नाही.

चाचा त्या दिवशी टंकयंत्रावर कापड टाकून लवकर उठला. दुसऱ्या दिवशी नुसतं म्हणाला, "तुम्हारे अब्बा ने चालीस की उमर में नई जबान सीखी. तुमसे एक हर्फ नहीं सीखा गया."

पुढचं थोडक्यात. दिल्लीचं पत्र महिना संपल्यावर तीन आठवड्यांनी आलं. परवाना खरा. तोवर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला गेली होती. लाल शेऱ्यानं तो अर्जही बंद झाला होता, म्हणून तिनं मग नव्या उमेदवाराप्रमाणं शिकाऊ परवाना काढला, तीस दिवस थांबली, परीक्षा दिली. मी फाटकाजवळून बघितलं. गाडीला लाल 'एल' लावलेला. निरीक्षक तिला सांगत होता, बाई, घाबरू नका, हळूहळू रिव्हर्स घ्या. तिनं एका झोकात गाडी मागं घेऊन खांबापासून वीतभर अंतरावर उभी केली. निरीक्षकच घाबरला.

पाचोडात मात्र तो लाल शेरा टिकून राहिला. परवाना बोगस होता याचं हळूहळू डिग्री बोगस आहे असं झालं. दवाखान्यांना फोन गेले. तिला धड काम मिळायला दोन वर्षं लागली. हे मला चाचाकडून कळत राहिलं. तो मुद्दाम सांगायचा. शेवटच्या आजारात त्याच्याकडं मलमपट्टीला तीच जायची, त्यामुळं त्याला ताजं माहीत असायचं. जाण्याआधी तो मला म्हणाला, "लिख के दो. मशीन मेरी ले जाओ." मशीन मी आणली. लिहिलं नाही.

गेल्या वर्षी लिहिलं. माझं वय आता ऐंशीच्या घरात, टेबल कधीच उठलं. एक पानभर अर्ज टाइप केला. अमुक परवाना खरा होता, ऑस्ट्रियाचा होता, 'ए' म्हणजे ऑस्ट्रिया, हे मला उत्तर आल्यादिवशी कळलं होतं, तरी मी गप्प बसलो, सबब तो शेरा रद्द व्हावा. घेऊन कचेरीत गेलो. सगळं नवं होतं, काचा, टोकन, संगणक. फाटकावर पाटी तीच होती. पेंटर चांगला होता.

खिडकीत एक तरतरीत बाई होती. तिनं अर्ज वाचला. "आजोबा, तुम्ही अर्जदार का?"

"नाही. मी एजंट होतो."

"एजंट इथं नसतात, आजोबा."

"होते. सत्तावीस वर्षं."

"कचेरीच्या नोंदीत नाहीत. तुमचा नंबर?"

"एजंटाला नंबर कुठं असतो?"

"मग तुम्ही चूक कुठल्या हुद्द्यावर केली?" ती खरंच विचारत होती. "कर्मचारी असता तर खातं चौकशी करू शकलं असतं. नागरिक असता तर तक्रार घेता आली असती, पण ती दुसऱ्याविरुद्ध. स्वतःविरुद्ध तक्रारीला फॉर्म नाही."

"अन् ती फाईल?"

तिनं संगणकात बघितलं. "ती मुदत संपून नष्ट झालीय. म्हणजे शेराच उरला नाही. मग रद्द काय करायचं?"

कचेरीच्या लेखी मी नव्हतो, फाईल नव्हती, बोगसचा शेरा नव्हता. फक्त पाचोडात होता.

मी बजाजनगरला तिच्याकडं गेलो. ती आता स्वतःची घरपोच सेवा चालवते. दोन गाड्या, चार नर्सा. मला ओळखलं. पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी अर्ज पुढं केला. तिनं शेवटपर्यंत वाचला.

"परवाना खरा होता, हे मला माहीत होतं काका. माझ्याकडं दिल्लीचं पत्र हाय. हे नवं काय?"

"तिसरी ओळ," मी म्हणालो. "ती मी वाचली होती, हे."

ती पुन्हा कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या अण्णांनी मला एकदाच विचारलं होतं, झटक्यामुळं जीभ वळत नव्हती तरी. 'खरं सांग पोरी, बोगस हाय का?' मी नाय म्हणाले. त्यांनी मान हलवली. ऐकलं, पण पटलं का नाय ते मला अजून कळलं नाय. हे तवा आणून दिलं असतं तर वाचून दाखवलं असतं त्यांना."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमचा तो तक्ता हाय का अजून?" तिनं विचारलं.

"माझा नाही. पण झेरॉक्सा असतील बाहेरच्या टेबलांवर."

"त्यात ए लिवा. मला माफी नको. माझ्याकडच्या एका पोरीचा भाऊ येणाराय व्हिएन्नाहून पुढच्या महिन्यात, त्याचं काम अडू नये." आणि अर्ज घडी करून तिनं स्वतःच्या कपाटात ठेवला. "हा ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. गावात लागंल."

मी दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या टपऱ्या फिरलो. माझा तक्ता पाच ठिकाणी सापडला, झेरॉक्सची झेरॉक्स, कडा फाटलेल्या. मी पेन काढलं. लॅमिनेशनवर शाई धरत नाही. 'ए' लिहिला की बोटाला लागून पुसला जायचा. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून पक्क्या शाईचं जाड पेन आणलं आणि पाचही ठिकाणी नवी ओळ लिहिली. ए, ऑस्ट्रिया, वेगळा देश, मथळा जर्मनीचाच. वर लिहिलं, अक्षर राज्याचं नव्हे, देशाचं. 'डी'पुढचा प्रांत खोडला आणि जर्मनी लिहिलं.

शेवटच्या टपरीत पन्नाशीचा, भारदस्त मिशांचा एजंट बसला होता. टेबलाभोवती माणसं. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं? ए म्हणजे मोटरसायकल. कार्डाच्या मागं लिहिलेलं असतं."

"तो मागचा ए," मी म्हणालो. "हा पुढचा. निळ्या चौकोनातला."

"पस्तीस परदेशी परवाने काढलेत मी," तो माणसांकडं बघून म्हणाला. माणसं हसली.

मी त्याच्या समोरचं स्टूल ओढलं, बसलो आणि म्हणालो, "नकाशा आहे का तुझ्याकडं? नसंल तर मी घेऊन आलोय."